आयनिक स्फटिकांतील अवतरंगी व अनुतरंगी प्रकाशीय फोनॉन

एकमेकांविरुद्ध विद्युत् भार असलेल्या आयनांनी बनलेल्या स्फटिकात धन आयनांचे उपजालक व ऋण आयनांचे उपजालक परस्परविरुद्ध दिशांना हलते, तेव्हा जे कंपन होते त्याच्या पुंजाला प्रकाशीय फोनॉन म्हणतात. आयनांचे विस्थापन तरंगाच्या प्रसारणदिशेला लंब असेल तर तो अवतरंगी आणि समांतर असेल तर अनुतरंगी प्रकाशीय फोनॉन होय. दीर्घ तरंगलांबीच्या मर्यादेत या दोन कंपनांच्या वारंवारता (येथे ω_T व ω_L) भिन्न असतात, ω_L नेहमी मोठी असते, आणि त्या दोहोंच्या दरम्यानचे अवरक्त प्रारण स्फटिकाच्या पृष्ठभागावरून जवळजवळ संपूर्ण परावर्तित होते. प्रस्तुत नोंदीत हा परावर्तन पट्टा सोडियम क्लोराइड (सैंधव) या एका स्फटिकाच्या आधारे तपासला आहे, कारण त्याचा अभ्यास फार जुना असून त्याच्या आकड्यांवरून झालेले गैरसमजही बोधप्रद आहेत.

हा पट्टा प्रथम प्रयोगातून माहीत झाला. त्याचा सिद्धांत पुष्कळ उशिरा आला. हाइन्रिख रूबेन्स आणि अर्नेस्ट फॉक्स निकोल्स यांनी १८९७ च्या सुमारास असे दाखविले की, तप्त उगमापासून निघालेले प्रारण एकाच पदार्थाच्या अनेक पृष्ठभागांवरून लागोपाठ परावर्तित केल्यास शेवटी अरुंद पट्ट्यातील दीर्घ तरंगलांबीचे किरणच उरतात. या अवशिष्ट किरणांची निवड किती कठोर असते हे साध्या हिशेबाने कळते. पट्ट्याच्या आत परावर्तन गुणोत्तर ०.९ धरले तर चार परावर्तनांनंतर ०.६६ इतका अंश उरतो, तर दृश्य प्रकाशात, जेथे सैंधवाचा अपवर्तनांक सुमारे १.५३ आणि परावर्तन गुणोत्तर सुमारे ०.०४४ आहे, चार परावर्तनांनंतर दहा लाखांत जेमतेम चार भाग शिल्लक राहतात. सैंधवाच्या अवशिष्ट किरणांची तरंगलांबी रूबेन्स यांच्या मापनांत ५१ ते ५२ मायक्रोमीटर आली. याच किरणांचा उपयोग करून रूबेन्स आणि फर्डिनांड कुर्लबाउम यांनी १९०० मध्ये कृष्ण पदार्थाच्या प्रारणाची दीर्घ तरंगलांबीकडील मापने केली व ती माक्स प्लांक यांच्या त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मांडलेल्या सूत्राला आधारभूत ठरली.

आरंभीच्या लेखनात ५२ मायक्रोमीटर हीच आयनांच्या कंपनाची तरंगलांबी मानण्याकडे कल होता. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस मारियानुस चेर्नी व आर. बोलिंग बार्न्स यांनी सैंधवाच्या अतिशय पातळ पटलांतून अवरक्त प्रारण पार करून पाहिले, तेव्हा शोषणाचे शिखर ६१ मायक्रोमीटरपाशी आढळले. एकाच पदार्थासाठी परावर्तन एक आकडा व शोषण दुसरा आकडा देते, ही विसंगती मापनातील चुकीमुळे नव्हती. ती समजून घेण्यासाठी दोन फोनॉनांच्या वारंवारता वेगळ्या का असतात येथपासून सुरुवात करावी लागते.

ज्या तरंगाची लांबी आयनांतील अंतराच्या मानाने फार मोठी, पण त्याच वारंवारतेच्या प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान आहे असा तरंग घेऊ. आयन हलल्याने ध्रुवीकरण P निर्माण होते. अवतरंगात P ची दिशा तरंगाग्राच्या प्रतलात असते, त्यामुळे एका प्रतलापासून दुसऱ्यापर्यंत P बदलत गेले तरी कोठेही भार साचत नाही आणि स्थूल विद्युत् क्षेत्र उद्भवत नाही. अनुतरंगात P प्रसारणाच्याच दिशेत कमीजास्त होते. जेथे ते बदलते तेथे प्रतलावर धन किंवा ऋण भार साचतो आणि त्यातून E = −P/ε₀ एवढे क्षेत्र उत्पन्न होते. हे क्षेत्र आयनांना त्यांच्या मूळ जागी खेचते, म्हणजे आयनांमधील नेहमीच्या प्रत्यानयन बलात त्याची भर पडते व वारंवारता वाढते. प्रत्येक आयनाला जाणवणारे स्थानिक क्षेत्र लोरेंट्स पद्धतीने हिशेबात घेतले, तर निव्वळ लघुपल्ल्याच्या बलांनी जी वारंवारता आली असती तिच्यापेक्षा ω_T खाली व ω_L वर सरकते. आयनांतील इलेक्ट्रॉनांचे ध्रुवीकरण दुर्लक्षून वारंवारतेच्या वर्गांत मोजल्यास वर सरकण्याचे प्रमाण खाली सरकण्याच्या दुप्पट असते. स्फटिकात आयनिक भार नसेल, उदाहरणार्थ हिऱ्यात किंवा सिलिकॉनमध्ये, तर दीर्घ तरंगलांबीच्या मर्यादेत हे विभाजन मुळीच होत नाही.

येथे एक सूक्ष्म अडचण आहे. घनीय स्फटिकात तरंगसदिश तंतोतंत शून्य असेल तर प्रसारणदिशाच उरत नाही, आणि समाकृतीनुसार लंब व समांतर असा भेद करता येऊ नये. भेद टिकतो तो शून्याकडे जाण्याच्या दिशेमुळे. प्रकाशाच्या तरंगसदिशाएवढ्या लहान मूल्यांपाशी, म्हणजे सैंधवात ब्रिल्वाँ क्षेत्राच्या सीमेच्या सुमारे एक लक्षांश अंतरावर, स्थिरविद्युत् विचार पुरेसा नसतो आणि अवतरंगी फोनॉन प्रकाशतरंगाशी मिसळतो. १९५१ मध्ये कुन हुआंग यांनी या मिश्र तरंगांचे समीकरण मांडले. पुढे या तरंगांना पोलॅरिटॉन हे नाव मिळाले. ω_T व ω_L यांच्या दरम्यान अशा मिश्र अवतरंगाला वास्तव तरंगसदिश मिळत नाही, आणि परावर्तन पट्ट्याचे हेच सर्वांत थेट स्पष्टीकरण मानावे असे वाटते.

तेच स्पष्टीकरण विद्युत् अपारक स्थिरांकाच्या भाषेत हिशेबाला सोपे पडते. अवमंदन दुर्लक्षिल्यास

ε(ω) = ε∞ (ω_L² − ω²) / (ω_T² − ω²)

असे मिळते. येथे ε∞ म्हणजे ω_L पेक्षा पुष्कळ मोठ्या वारंवारतेला, जेथे आयन क्षेत्रामागे हलू शकत नाहीत, मिळणारे ε चे मूल्य. ω_T पाशी ε अनंत होतो, कारण तेथे बाह्य अवतरंगी क्षेत्र आयनांशी अनुस्पंदन करते. ω_L पाशी ε शून्य होतो, कारण अनुतरंगी कंपनात विद्युत् विस्थापन शून्य असूनही क्षेत्र अस्तित्वात असते आणि त्यासाठी ε = 0 हीच अट आहे. दरम्यान ε ऋण असतो. अपवर्तनांक मग शुद्ध काल्पनिक होतो आणि लंब आपातासाठी परावर्तन गुणोत्तर |(n − 1)/(n + 1)|² बरोबर १ येते. ω शून्य ठेवल्यास याच सूत्रातून ω_L²/ω_T² = ε(0)/ε∞ हा संबंध निघतो. तो लिडेन, सॅक्स व टेलर यांच्या नावे ओळखला जातो आणि त्याचे श्रेय सामान्यतः त्यांच्या १९४१ च्या लेखाला देतात. मात्र लिडेन व हेर्ट्सफेल्ड यांनी ध्रुवीय स्फटिकांच्या कंपनांवर १९३८ मध्ये आणि केलरमान यांनी सैंधवाच्या जालकावर १९४० मध्ये केलेले काम लक्षात घेता, दोन वारंवारता वेगळ्या असतात ही जाणीव त्याआधीचीच होती, असे म्हणणे अधिक सुरक्षित आहे. १९४१ च्या लेखाचे वेगळेपण म्हणजे त्या भेदाचा मोजता येण्याजोग्या दोन स्थिरांकांशी जोडलेला साधा संबंध.

येथून पुढे वारंवारता तरंगांकात, म्हणजे एका सेंमी.त मावणाऱ्या तरंगलांबींच्या संख्येत, दिल्या आहेत. सामान्य तापमानाला सैंधवासाठी ε(0) सुमारे ५.९, ε∞ सुमारे २.३४ आणि ω_T सुमारे १६४ प्रति सेंमी. (६१ मायक्रोमीटर) आहे. वरील संबंधावरून ω_L = २६० प्रति सेंमी. येते. प्रत्यक्ष मूल्य सुमारे २६४ (३८ मायक्रोमीटर) मानले जाते, म्हणजे मेळ दीड टक्क्याच्या आत आहे. रूबेन्स यांचे ५२ मायक्रोमीटर ६१ व ३८ यांच्या मध्ये पडतात, आणि जुन्या विसंगतीचा उलगडा येथे होतो. शोषण ω_T दाखविते, तर अवशिष्ट किरण पट्ट्याच्या आतील एखादा भाग दाखवितात. तो भाग कोणता हे स्फटिकाच्या अवमंदनावर आणि उगमाच्या वर्णपटावरही अवलंबून असते, म्हणून त्याला जालकाची मूलभूत वारंवारता म्हणता येत नाही.

पट्ट्याच्या आत काय घडते हे २०० प्रति सेंमी. म्हणजे ५० मायक्रोमीटर तरंगलांबीला पाहता येते. सूत्रात २६४ व १६४ घातल्यास ε सुमारे −५.३ येतो. क्षेत्र स्फटिकात शिरते खरे, परंतु सुमारे ३.५ मायक्रोमीटर खोलीवर ते पृष्ठभागावरील मूल्याच्या १/e पट उरते. अवमंदन नसल्यास या थरात ऊर्जा खर्च होत नाही. ती आवर्तनाच्या काही भागात आत येते व उरलेल्या भागात परत जाते. पट्ट्यातील अपारदर्शकता ही शोषणामुळे आहे हा समज म्हणूनच चुकीचा आहे. शोषण मुख्यतः ω_T च्या आसपास होते, आणि परावर्तन मात्र शोषण कमी असतानाही टिकते.

दुसरी एक चूक आजही आढळते. ω_L च्या वर परावर्तन झपाट्याने उतरते व एका जागी जवळजवळ शून्य होते, ती जागा ω_L म्हणून नोंदविली जाते. पण परावर्तन शून्य होण्याची अट ε = 1 ही आहे, ε = 0 ही नव्हे. सैंधवासाठी हिशेब केल्यास किमान परावर्तन सुमारे ३१९ प्रति सेंमी.ला (३१ मायक्रोमीटर) येते, म्हणजे ω_L पेक्षा ५५ प्रति सेंमी.ने वर. ω_L खरोखर असते ती परावर्तनाच्या उतरत्या कड्यावर. म्हणून संपूर्ण वक्र मोजून त्यावर दोलक प्रतिमान बसवावे किंवा क्रामर्स–क्रोनिख पद्धतीने ε काढून त्याचा शून्यबिंदू शोधावा लागतो. चूर्ण वापरल्यास आणखी घोटाळा होतो, कारण निर्वातातील लहान गोलाकार कणाचे अनुस्पंदन ε = −2 येथे, सैंधवात सुमारे २२३ प्रति सेंमी.ला पडते, आणि ती ना ω_T असते ना ω_L.

वास्तव स्फटिकात परावर्तन पूर्ण १ होत नाही. फोनॉन असंवादी बलांमुळे इतर फोनॉनांत विघटित होतो, परिणामी पट्ट्याचे कडे गोलावतात आणि माथा खाली येतो. सैंधवाच्या पट्ट्यात उच्च वारंवारतेकडे जो खांदा दिसतो, त्याचे कारण एकाच अवमंदनांकाने देता येत नाही. तो दोन फोनॉनांच्या प्रक्रियांमुळे येतो, हे मत आता ग्राह्य धरले जाते. स्फटिक थंड केल्यास कडे अधिक तीव्र होतात.

लंब आपातातील प्रकाश अवतरंगी असल्याने तो अनुतरंगी फोनॉनाला थेट उद्दीपित करीत नाही. ω_L स्वतंत्रपणे मोजण्याचे मार्ग त्यामुळे निराळे आहेत. १९६० मध्ये वुड्स, कॉक्रन व ब्रॉकहाउस यांनी सोडियम आयोडाइडमध्ये न्यूट्रॉन प्रकीर्णनाने दोन्ही शाखा मोजल्या. १९६३ मध्ये बेरेमन यांनी लिथियम फ्ल्युओराइडच्या पातळ पटलावर आपात प्रतलात ध्रुवित प्रकाश तिरकस सोडला आणि ω_L पाशी शोषण दाखविले. तिरकस आपातात क्षेत्राचा एक घटक पटलाला लंब असतो, आणि पटल पातळ असल्याने त्या घटकापुरते कंपन अनुतरंगासारखे वागते.

पट्ट्याची रुंदी आयनिकतेनुसार पुष्कळ बदलते. लिथियम फ्ल्युओराइडमध्ये तो सुमारे ३०६ पासून ६६० प्रति सेंमी.पर्यंत पसरतो, तर बव्हंशी सहसंयुजी असलेल्या गॅलियम आर्सेनाइडमध्ये सुमारे २६८ ते २९२ एवढाच असतो. एकाहून अधिक अवरक्त-सक्रिय कंपने असलेल्या स्फटिकांत प्रत्येक जोडीचा स्वतंत्र पट्टा असतो आणि वरील संबंधाच्या जागी सर्व जोड्यांच्या गुणोत्तरांच्या वर्गांचा गुणाकार येतो. क्वार्ट्झसारख्या असमदिक् स्फटिकांत अक्षाला समांतर व लंब दिशांसाठी ω_T व ω_L निरनिराळ्या असतात, आणि तिरप्या प्रसारणात फोनॉन शुद्ध अवतरंगी किंवा शुद्ध अनुतरंगी राहत नाहीत.