सर्व्हिसिंगचं बिल आणि ब्रेकडाउनचं बिल एकमेकांसमोर ठेवू नका

सर्व्हिसिंग म्हणजे बंद पडायच्या आधी आणि रिपेअरिंग म्हणजे बंद पडल्यावर, एवढं सगळ्यांना माहीत आहे. चूक होते ती हिशेबात. 'सर्व्हिसिंगला वर्षाला 36 हजार लागतात, मशीन बिघडलं तर 45 हजार, मग बिघडेल तेव्हा पाहू' हे वाक्य हिंगणा एमआयडीसीत नेहमी ऐकू येतं आणि त्यात दोन चुका आहेत.

उदाहरणासाठी एका फॅब्रिकेशन शॉपमधला स्क्रू कॉम्प्रेसर घेऊ; आकडे मानलेले आहेत. लॉगबुकप्रमाणे सर्व्हिसिंग नसताना पाच वर्षांत चार ब्रेकडाउन, म्हणजे वर्षाला 0.8. ऑइल, फिल्टर आणि सेपरेटर वेळेवर बदलले आणि कूलर साफ ठेवला, तर पाच वर्षांत एक, म्हणजे 0.2. शून्य नाही. 'सर्व्हिसिंग केली तरी बंद पडलंच' ही तक्रार म्हणूनच बिनबुडाची आहे. सर्व्हिसिंगमुळे जे 0.6 ब्रेकडाउन टळतात, पैसे त्यांचे मोजायचे.

फक्त रिपेअरचं बिल धरलं तर सर्व्हिसिंगशिवाय वर्षाचा अपेक्षित खर्च 0.8 × 45,000, म्हणजे 36,000. सर्व्हिसिंगसह 36,000 अधिक 9,000, म्हणजे 45,000. सर्व्हिसिंग महागच दिसते.

आता बंद पडलेले तास धरा. मेकॅनिकचं काम तीन तासांचं, पण त्याची आणि पार्टची वाट पाहण्यात मिळून कामाचे 16 तास जातात. तासाला 3,000 रुपये सुटत असतील तर नुकसान 48,000, आणि एका ब्रेकडाउनची खरी किंमत 93,000. आता सर्व्हिसिंगशिवाय वर्षाला 74,400, सर्व्हिसिंगसह 36,000 + 18,600 = 54,600. उत्तर उलटलं. सर्व्हिसिंग सुट्टीच्या दिवशी केली, असं इथे धरलं आहे.

सगळे अडखळतात ते या 3,000 वर. हा तासाचा टर्नओव्हर नव्हे. विक्रीतून कच्चा माल, वीज असा फक्त चालू असताना होणारा खर्च वजा केल्यावर उरते ती रक्कम. त्यात कामगारांचा बसून दिलेला पगार पुन्हा मिळवू नका. तो या रकमेतूनच जायचा असतो. आणि राहिलेलं काम रविवारी ओव्हरटाइमने भरून निघत असेल, तर नुकसान फक्त ओव्हरटाइमचं. ते 10,000 असेल तर ब्रेकडाउनची किंमत 55,000 होते. तोल 36,000 ÷ 0.6 म्हणजे 60,000 वर आहे, त्यामुळे या शॉपला बिघडल्यावर दुरुस्तीच स्वस्त.

व्होल्टेजने जळलेलं कंट्रोलर कार्ड 0.8 मध्ये मोजू नका. ऑइल बदलून ते वाचत नाही. कूलरचं मात्र उलट आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, धुळीने भरलेला कूलर ऑइल थंड करू शकत नाही आणि मशीन 105-110 अंशांवर ट्रिप होतं. पॅनेलवरचं तापमान त्याच लोडवर रोज थोडं चढतंय, हे आधी दिसतं. म्हणून कूलरची सफाई मार्चमध्येच.