अंतराळातले रंग: भरलेले की बनावट?

“नासाचे फोटो काळे-पांढरे असतात, रंग मागाहून भरतात. म्हणजे खोटेच ना?”

अंतराळ दुर्बिणींच्या फोटोंपुरतं पहिलं वाक्य खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. हबल दुर्बिणीने 1 एप्रिल 1995 रोजी टिपलेले, ईगल नेब्युला या वायू आणि धुळीच्या ढगातले खांब घ्या. कॅमेरा फक्त प्रकाश किती आला ते मोजतो. कोणता, हे समोरचा फिल्टर ठरवतो. इथे तीन फिल्टर होते: ऑक्सिजनचा सुमारे 502 नॅनोमीटर तरंगलांबीचा, हायड्रोजनचा 656चा आणि गंधकाचा 673चा. त्यांना अनुक्रमे निळा, हिरवा आणि लाल रंग दिला.

हायड्रोजन हिरवा का? कारण त्याचा आणि गंधकाचा हा प्रकाश डोळ्याला लालच दिसतो. ‘खरा’ रंग ठेवला असता तर दोन्ही वायू एकमेकांत मिसळून गेले असते. म्हणजे इथला खोटा रंग जास्त माहिती देतो.

प्रामाणिकपणाची खूण अशी की नियम सगळ्या चित्राला एकच लागतो, फिल्टर जाहीर असतात आणि मूळ फ्रेम संग्रहातून कोणीही उतरवून पुन्हा जुळवू शकतो. एखादाच कोपरा ब्रशने उजळला किंवा नसलेला तारा चिकटवला, तर ती फसवणूक.

तापमान रंगांत दाखवणाऱ्या थर्मल फोटोत लबाडी सोपी असते. कोणता रंग किती तापमानाचा हे सांगणारी कडेची पट्टी 31 ते 33 अंशांची ठेवली, की साधी भिंतसुद्धा पेटल्यासारखी लाल दिसते. म्हणून आधी कडेचे आकडे वाचा. पट्टीच कापलेली असेल, तर त्या लाल रंगावरून तापमान सांगता येत नाही.