गेम अडखळतोय? पार्ट बदलण्याआधी टेक्निशियनला अशी चिठ्ठी द्या

कॉम्प्युटर दुरुस्तीला दुकानात ठेवताना बरेच जण ‘गेम स्लो चालतो, काय लागेल ते टाका’ एवढंच सांगून जातात. त्यावरून टेक्निशियनला काहीच ठरवता येत नाही, आणि मग अंदाजाने ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम सुचवली जाते. हजारो रुपये जातात आणि गेम तिथेच अडखळतो. म्हणून मशीनसोबत एक चिठ्ठी द्या. आमच्या दुकानात आणलंत तरी द्या, दुसरीकडे नेलंत तरी द्या.

चिठ्ठीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर गेम कधी स्लो होतो. पहिल्या मिनिटापासून स्लो असेल तर कारण वेगळं, आणि पंधरा-वीस मिनिटं नीट चालून मग ढासळत असेल तर वेगळं. दुसऱ्या प्रकारात पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात खोलीच तापलेली असते, त्यात शेजारी बांधकाम चालू असेल तर बारीक धूळ कूलरच्या पात्यांत जाऊन बसते. अशा तक्रारींवर नवं कार्ड विकत घेणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया घालवणं.

घरी अर्धा तास द्या

Windows 10 किंवा 11 मध्ये `Win + G` दाबलं की गेम बार उघडतो. त्यातल्या Performance खिडकीत सीपीयू म्हणजे प्रोसेसर, जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि रॅम किती वापरात आहे ते दिसतं, शिवाय एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात तेही. एफपीएससाठी तो पहिल्यांदा परवानगी मागतो, ती द्या. खिडकी पिन केली की गेम चालू असतानाही कोपऱ्यात आकडे दिसत राहतात. गेममधलं व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या गतीला बांधणारी सेटिंग, आणि एफपीएसची मर्यादा आधी बंद करा. ती चालू राहिली तर एफपीएस ६० सारख्या आकड्यावर अडवला जातो, जीपीयू अर्धा रिकामा दिसतो आणि निष्कर्ष चुकतो.

मग नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. सुरुवातीचे आकडे लिहून घ्या, आणि गेम ढासळल्यावरचे पुन्हा लिहा. नंतर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून त्याच जागी पुन्हा पाहा. एफपीएस चांगला वाढला तर ताण कार्डावर आहे. जवळपास तेवढाच राहिला तर कार्ड कामासाठी थांबून आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. हा एकच प्रयोग तुमचे सर्वांत जास्त पैसे वाचवू शकतो.

चिठ्ठीचा नमुना

> टेक्निशियन दादा, नमस्कार.
>
> मशीन: i5-10400F, GTX 1650 4 जीबी, 8 जीबी रॅमची एक पट्टी, एसएसडी. मॉनिटर १०८०.
>
> तक्रार: जीटीए फाइव्ह पहिली पंधरा मिनिटं 70 ते 75 एफपीएसने चालतो. मग 35 ते 40 वर येतो आणि झटके बसतात. गेम बंद करून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा नीट चालतो. सुरुवातीला जीपीयू 97 टक्के असतो, ढासळल्यावर 55 टक्के. ७२० वर आणलं तरी तेव्हा एफपीएस वाढत नाही. व्ही-सिंक बंद आहे.
>
> काहीही बदलण्याआधी कृपया एवढं पाहा:
>
> कॅबिनेट बंद ठेवून अर्धा तास गेम चालवा आणि HWiNFO64 मध्ये सीपीयूचं तापमान व क्लॉक पाहा. सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे लिहून ठेवा.
>
> कूलरचा पंखा, पात्यांमधली धूळ, कूलरच्या चारही पिना आणि थर्मल पेस्ट तपासा.
>
> रॅम किती भरते, किती स्पीडने चालते आणि दुसरा स्लॉट रिकामा आहे का, ते सांगा.
>
> खर्च आधी फोनवर कळवा. विंडोज न विचारता पुन्हा टाकू नका, माझा डेटा त्यात आहे. काढलेले पार्ट परत द्या.

या आकड्यांतून काय कळतं

जीपीयू 97 टक्के होता तेव्हा कार्ड पूर्ण जोर लावत होतं. ते 55 वर आलं आणि एफपीएसही निम्म्यावर आला, म्हणजे कार्डाला पुढच्या फ्रेमचं काम वेळेवर मिळेना. ते काम सीपीयू पुरवतो. i5-10400F ची तापमानाची मर्यादा 100 अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, कमी करतो. एरवी गेममध्ये तो 4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तापमान शंभरला टेकलं आणि क्लॉक 2.9 गिगाहर्ट्झ या त्याच्या बेस स्पीडच्याही खाली गेला, तर दोष सापडला असं समजा. तापमान 70-75 वर असताना क्लॉक पडत असेल, तर मात्र मदरबोर्डची पॉवर मर्यादा किंवा विंडोजचा पॉवर प्लॅन पाहावा लागतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना फसवते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्केच दिसतो आणि ‘प्रोसेसर तर मोकळा आहे’ असं वाटतं. तो आकडा प्रोसेसरच्या बारा थ्रेड्सची, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या बारा वाटांची, सरासरी असतो. गेमचा मुख्य भार एक-दोन थ्रेडवर पडतो, आणि ते भरले की बाकीचे रिकामे असून उपयोग नाही. शिवाय टास्क मॅनेजर सीपीयूचं तापमान दाखवत नाही, म्हणून चिठ्ठीत HWiNFO64 या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिहायचं.

पिनांचा उल्लेखही मुद्दाम आहे. इंटेलसोबत येणारा कूलर चार प्लास्टिक पिनांवर बसतो. मशीन टू-व्हीलरवरून नेताना किंवा घर बदलताना त्यातली एक पिन उचलली जाते. वरून पाहिलं तर कूलर बसलेला दिसतो, पण एका कोपऱ्यात तो प्रोसेसरला टेकत नाही. हलक्या हाताने हलवून पाहिलं की तो कोपरा डुलतो. अशा वेळी नुसती पिन दाबून भागवू नये. एकदा कूलर उचलला गेला की त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधल्या थर्मल पेस्टमध्ये हवा शिरते, त्यामुळे जुनी पेस्ट पुसून नवी लावावी आणि पिना समोरासमोरच्या जोडीने बसवाव्यात.

साफसफाईनंतर तीच अर्ध्या तासाची चाचणी कॅबिनेट बंद करून पुन्हा व्हायला हवी. उघड्या मशीनवर घेतलेली चाचणी घरी टिकत नाही. बाजूचा पत्रा काढल्यावर तापमान दहा-बारा अंश उतरत असेल, तर कूलर ठीक आहे आणि कॅबिनेटमधून गरम हवा बाहेर पडत नाही. मागे एक पंखा लावला की बहुतेक वेळा काम होतं.

रॅमचा प्रश्न वेगळा आहे. वरच्या मशीनमध्ये एकच पट्टी आहे, म्हणजे मेमरी सिंगल चॅनलवर, एकाच वाटेने, चालते. टास्क मॅनेजरच्या Memory भागात `Slots used: 1 of 2` असं दिसतं. गेममध्ये 8 पैकी साडेसात जीबी भरत असेल आणि त्याच वेळी डिस्क धावत असेल, तर त्याच स्पीडची दुसरी 8 जीबी पट्टी घेण्यात अर्थ आहे. झटके कमी होतात. पण दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर गेम आपोआप सुधारतो, याचं उत्तर रॅम नाही. म्हणून आधी उष्णता, मग रॅम, याच क्रमाने खर्च करा.

ग्राफिक्स कार्ड खरंच अपुरं कधी? तापमान ताब्यात आहे, जीपीयू पूर्ण अर्धा तास 95 टक्क्यांच्या वर आहे, आणि ७२० वर एफपीएस लगेच उडी मारतो, असं तिन्ही एकत्र दिसलं की कार्ड बदलायचं बोलावं. तेव्हाही दुकानातलं कार्ड तुमच्या मशीनला लावून तोच गेम तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा. जुन्या GTX 1650 चे बरेच मॉडेल वेगळ्या पॉवर केबलशिवाय, 75 वॉटच्या आत चालतात. मोठ्या कार्डाला ती केबल लागते, त्यामुळे तुमच्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायवर, ती आहे का आणि त्याचे वॉट पुरतील का, हे कोटेशनवर लिहून घ्या. एसएमपीएस बदलावा लागणार असेल तर तो खर्च त्याच कागदावर यायला हवा.