३६.५ चे ३६ का झाले? पायथनचं round आणि शाळेतला नियम

ताई इंदूरला रामबागेत घरीच आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवते. महिन्याला दोन टेस्ट, प्रत्येकी ५० मार्कांच्या, मग दोन्हींची सरासरी काढायची आणि अपूर्णांक आला की पूर्ण आकडा करून रजिस्टरमध्ये लिहायचा, हे ती वर्षानुवर्षं हातानेच करत आलीये. यंदा भाची पायथन शिकतेय, तर तिने आईचं काम कमी व्हावं म्हणून छोटासा प्रोग्राम लिहिला, आणि रविवारी सकाळी मी पोहे-जिलेबी घेऊन पोचलो तेव्हा दोघी मायलेकी एका बाजूला रजिस्टर आणि एका बाजूला लॅपटॉप ठेवून एकेक ओळ जुळवत बसल्या होत्या.

जुळत नव्हतं. एका मुलाला ३५ आणि ३८ मार्क, सरासरी ३६.५, ताईने लिहिले ३७, प्रोग्रामने दिले ३६. त्याच्या खालच्या मुलीला ३६ आणि ३९, सरासरी ३७.५, तिथे मात्र दोघांचेही ३८. भाची म्हणाली, "मामा, अर्धा तर दोघांनाही आहे ना, मग एकाला खाली आणि एकीला वर असं कसं? पायथनमध्येच काही गडबड आहे का?"

गडबड नाहीये. मी तिला हे टाइप करायला लावलं:

```python
>>> round(0.5), round(1.5), round(2.5), round(3.5)
(0, 2, 2, 4)
```

उत्तरं नीट बघा, सगळी सम आहेत. पायथन ३ चा नियम असा की आकडा दोन पूर्णांकांच्या बरोब्बर मधोमध असेल तर त्यातल्या सम आकड्याकडे जायचं, आणि मधोमध नसेल तर आपलं नेहमीचंच, जो जवळ असेल तो. म्हणजे ३६.५ ला ३६ आणि ३७ दोन्ही सारखेच लांब, त्यातला सम ३६, म्हणून ३६. ३७.५ च्या शेजारी ३७ आणि ३८, त्यातला सम ३८. पण ३६.५१ असता तर गुपचूप ३७ च आला असता. पायथन २ मध्ये round शाळेसारखंच वागायचं, २.५ चे ३.० द्यायचं, २००८ साली पायथन ३ आलं तेव्हा हे बदललं, त्यामुळे जुन्या पुस्तकावरून शिकणारा हमखास गोंधळतो.

आता असं का केलं? शाळेत आपण शिकतो की ५ आला की वर. दशांशात एकच अंक धरला तर .१ खाली जातो आणि .९ वर जातो, दोघांची चूक सारखी पण उलट, म्हणून एकमेकांना कापतात. .२ आणि .८ तसेच, .३ आणि .७, .४ आणि .६ सुद्धा. उरला .५, त्याला जोडीदारच नाही, आणि तो दर वेळी वर गेला की बेरीज हळूहळू फुगत जाते. ताईच्या रजिस्टरमध्ये तर हे फारच ठळक दिसतं, कारण दोन पूर्ण मार्कांची सरासरी एकतर पूर्ण येते नाहीतर .५ येते, तिसरं काही येऊच शकत नाही. म्हणजे जिथे जिथे अपूर्णांक, तिथे तिथे हाच पेच.

आम्ही कागदावर करून पाहिलं. समजा दहा मुलांच्या सरासऱ्या ३१.५ पासून एकेकाने वाढत ४०.५ पर्यंत आहेत. खरी बेरीज ३६०. शाळेच्या नियमाने ३२, ३३, ३४ करत ४१ पर्यंत, बेरीज ३६५, म्हणजे पाच मार्क हवेतून आले. पायथनच्या नियमाने ३२, ३२, ३४, ३४, ३६, ३६, ३८, ३८, ४०, ४०, आणि बेरीज बरोब्बर ३६०. निम्मे वर, निम्मे खाली. ही पद्धत पायथनने शोधलेली नाही बरं का, आपल्याच भारतीय मानकात, आयएस २, १९६० सालचं, आकडे पूर्ण करायचा हाच नियम दिलेला आहे, आणि कॉम्प्युटरमधल्या दशांश गणिताचं जे आयईईई ७५४ मानक आहे त्यातही आपोआप लागू होणारा नियम हाच.

पण ताईचं म्हणणं मला पूर्ण पटलं. ती म्हणाली, "वर्गाची बेरीज कुणाला हवीये रे, मुलगा स्वतःचे मार्क बघतो." खरंच, वरच्या दहा आकड्यांत ३५.५ आणि ३६.५ वाले दोघेही ३६ वर आले, एका मार्काचा फरक पुसला गेला, आणि ३६.५ आणि ३७.५ मध्ये एकाचा फरक होता तो दोनाचा झाला. बेरजेसाठी जे बरोबर तेच एकेका मुलासाठी अन्याय. शिवाय बेरीज सांभाळली जाते तीही सम आणि विषम साधारण सारखे असतील तरच, सगळ्याच मुलांना ३६.५ असेल तर सगळेच खाली जाणार. तेव्हा मोजमापांचा ढीग असेल तर round ठीक, पण मुलांना सांगून ठेवलेला नियम "अर्धा असेल तर वर" असा असेल तर प्रोग्रामने तोच पाळायला हवा.

ताईच्या कामाला तर दशांशाची गरजच नाही:

```python
>>> (35 + 38 + 1) // 2
37
```

बेरजेत १ मिळवून दोनाने पूर्ण भागाकार, अर्धा असला तर वर जातो, नसला तर काही बदलत नाही. आणि पैशांसारखं काही असेल तर decimal वापरायचं, तिथे नियम आपण स्वतः सांगतो:

```python
>>> from decimal import Decimal, ROUND_HALF_UP
>>> Decimal("36.5").quantize(Decimal("1"), ROUND_HALF_UP)
Decimal('37')
```

आकडा अवतरणचिन्हांत लिहायचा हे विसरू नका, का ते पुढे येतंच.

कारण एवढं कळल्यावर भाचीने स्वतःहून round(2.675, 2) टाकलं, उत्तर आलं २.६७, आणि ती लगेच म्हणाली की हाही समचाच नियम. इथेच बहुतेक लोक फसतात. जरा थांबून बघा, २.६७ आणि २.६८ मध्ये सम शेवटाचा कुठला? २.६८. समचा नियम लागला असता तर २.६८ आलं असतं! मग दोषी कोण, तर तो आकडाच. कॉम्प्युटर दशांश दोनाच्या भाषेत साठवतो आणि त्यात २.६७५ नेमका बसत नाही. आत काय आहे ते असं दिसतं:

```python
>>> Decimal(2.675)
Decimal('2.67499999999999982236431605997495353221893310546875')
```

मधोमध नाहीच तो, किंचित खाली आहे, म्हणून जवळचा २.६७ मिळाला. अवतरणचिन्हं न लावता दिलं की Decimal ला हा घसरलेला आकडा मिळतो, लावली की खरा २.६७५. दोन दशांशांपर्यंत करताना खरे मधले आकडे फक्त .१२५, .३७५, .६२५ आणि .८७५ वर संपणारे, कारण ते आठाचे भाग आहेत आणि दोनाच्या भाषेत नेमके बसतात. बाकी .००५ असो की .६७५, ते दिसतात मधले पण आत कुठेतरी सरकलेले असतात, कधी वर कधी खाली.

भाचीने मग वहीत आधी लिहिलं, ०.१२५ चे ०.१२ आणि ०.३७५ चे ०.३८, आणि नंतर एंटर दाबलं. दोन्ही तसेच आले. तोवर पोहे पार गार झाले होते.