पदर आत की बाहेर: साडीवरच्या डेनिम जाकिटाची खानदेशी पार्श्वभूमी

गेल्या काही हिवाळ्यांपासून जळगाव, धुळे आणि भुसावळकडच्या हळदीच्या व संगीताच्या कार्यक्रमांत काठपदराच्या सुती साडीवर निळे डेनिमचे जाकीट घातलेल्या मुली दिसू लागल्या आहेत. घरातील वडीलधारी माणसे या वेशाकडे शहरातून आलेली नवी लहर म्हणून पाहतात, आणि घालणाऱ्या मुलींचीही बहुधा तीच समजूत असते. माझे मत वेगळे आहे. साडीवर शिवलेले, बाह्यांचे, कष्टकऱ्यांच्या कापडाचे वस्त्र घालण्याची रीत खानदेशात जुनी आहे. या दोन वस्त्रांचा मेळ केव्हा बसतो आणि केव्हा बिघडतो, याचे उत्तरही त्या जुन्या रीतीतच सापडते.

कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, तापी आणि गिरणेच्या काठच्या कोणत्याही शेतात सकाळी गेले, तर साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, लांब बाह्यांचा सदरा घातलेल्या बायका दिसतात. पहाटेचे दहिवर, नंतरचे ऊन आणि बोंडाच्या वाळलेल्या, टोकदार पाकळ्यांनी हातांवर उठणारे ओरखडे या तिन्हींपासून तो सदरा वाचवतो. पाहण्यासारखी गोष्ट आहे ती पदराची. तो सदऱ्याच्या आत राहतो, त्याचे टोक कमरेला घट्ट खोचलेले असते आणि डोक्यावर वेगळे फडके बांधलेले असते. वेचलेला कापूस ज्या झोळीत पडतो, ती झोळी सदऱ्याच्या वरून कमरेला बांधली जाते, त्यामुळे सदराही कमरेशी आवळला जातो आणि त्याखाली साडीचा घेर मोकळा राहतो. म्हणजे वरचा भाग सदऱ्याचा, खालचा भाग साडीचा आणि दोहोंची सीमा कमरेवर, अशी ही विभागणी आहे. ती कोणी ठरवून केलेली नाही. दिवसभर वाकून काम करताना पदर सुटू नये आणि पाय अडखळू नयेत, या गरजेतून ती आपोआप झाली.

दुसरी रीत याच्या नेमकी उलट, म्हणजे शिवलेले वस्त्र आत आणि पदर बाहेर अशी आहे. आज साडीचा मूळचाच भाग वाटणारे ब्लाऊज या रीतीने आले. महाराष्ट्रात पूर्वी नऊवारी लुगड्याखाली पुढे गाठ मारायची खणाची चोळी असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या घरांतील स्त्रिया लांब बाह्यांची, बंद गळ्याची, युरोपीय धाटणीची जाकिटे साडीच्या आत घालू लागल्या. सत्येंद्रनाथ टागोर 1864 मध्ये सनदी नोकरीसाठी मुंबई इलाख्यात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी इथल्या पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली आणि तीत बदल करून झंपर व परकरासह साडी नेसण्याची रीत बंगालमध्ये रूढ केली. आपल्याकडे नऊवारीची जागा सहावारी पातळाने घेतली, तशी चोळी मागे पडून पोलके आणि झंपर आले. झंपर हा शब्द इंग्रजीतील जंपर या शब्दावरून आला, आणि एकोणिसाव्या शतकात खलाशी व मजूर जो सैलसर वरचा अंगरखा घालत, त्यालाही जंपर म्हणत असत. माझ्या आजीच्या तोंडी अखेरपर्यंत झंपर हाच शब्द होता.

डेनिमच्या जाकिटाचा प्रवास या नावाला समांतर जातो. अमेरिकेत जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना कपड्यांच्या ताण पडणाऱ्या जागी तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचे पेटंट 20 मे 1873 रोजी मिळाले. स्ट्रॉस यांच्या कंपनीने मजुरांसाठी काढलेल्या डेनिमच्या सुरुवातीच्या जाकिटाला ब्लाऊज असेच नाव होते. आज आपण ज्याला डेनिम जाकीट म्हणून ओळखतो, म्हणजे छातीवर दोन झाकणांचे खिसे, तिथून खाली उतरत जाणाऱ्या तिरप्या शिवणी आणि कमरेवर संपणारी पट्टी, तो आकार 1960 च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. जाड, निळ्या, मजुरी कपड्याचे आणखी एक इंग्रजी नाव डंगरी. ते मुंबईतील डोंगरीवरून पडले, कारण त्या भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून त्याच नावाने बाहेर जात होते. डोंगरीचे कापड आणि आजचे डेनिम एकच नव्हेत. डेनिमची वीण तिरपी असते, तिचे उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात, म्हणून ते बाहेरून निळे आणि आतून फिकट दिसते. तरीही कष्टाच्या कामाचे सुती कापड ही ओळख दोघांना सारखीच लागू पडते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिथला कापूस थांबला, तेव्हा ज्या प्रदेशांच्या कापसाला अचानक भाव आला, त्यांत खानदेश होता. तरी शिवलेले डेनिम इथे पोहोचायला आणखी शंभराहून अधिक वर्षे गेली. 1980 च्या दशकात अहमदाबादेत मोठ्या प्रमाणावर डेनिम विणले जाऊ लागले. पुढच्या दशकात जीन्सचे न शिवलेले कापड बटण, चेन व रिव्हेटसह लहान गावांच्या दुकानांत विकायला आले, आणि तालुक्याच्या शिंप्यांचा हात त्या जाड कापडावर बसला.

आता साडीवर जाकीट घालणाऱ्या मुलीपुढे हे दोनच मार्ग असतात. पदर जाकिटाच्या आत ठेवला, तर ती वेचणीच्या शेतातील रीत पाळते. बाहेर काढला, तर जाकिटाला झंपर करते. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. मेळ बिघडतो तो अर्धवटपणामुळे, म्हणजे पदर खांद्यावर जाकिटाच्या आत शिरतो, मागे गळ्यापाशी थोडासा बाहेर डोकावतो आणि पुढून जाकीट उघडे राहिल्याने छातीवर कापडाचा गुंडाळा दिसतो तेव्हा. अशा वेळी साडीही साडी राहत नाही आणि जाकीटही नीट बसत नाही.

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीने तिच्या आईची गडद मरून रंगाची, मोहरी काठाची सुती साडी या रीतीने नेसायचे ठरवले, तेव्हा हा सगळा हिशेब मला प्रत्यक्ष करावा लागला. तिचे जाकीट खांद्यापासून 60 सेंटिमीटर लांब होते. ते नितंबांवर येत असल्यामुळे निऱ्या जिथून उलगडतात तीच जागा झाकली जात होती आणि साडी खाली जोडलेल्या घागऱ्यासारखी दिसत होती. आम्ही ते आमच्या शिंप्याकडे नेले. नुसते खालून कापून दुमडले असते तर जाकिटाची कमरेची पट्टी गेली असती आणि त्याचा मूळ आकारच हरवला असता, म्हणून त्यांनी पट्टी उसवली, वरचे अंग 12 सेंटिमीटरने कमी केले, दोन्ही बाजूंच्या शिवणी किंचित आत घेतल्या आणि तीच पट्टी सोळा नंबरच्या सुईने पुन्हा जोडली. पट्टी आता नेमकी परकराच्या नाडीच्या वर, बोटभर अंतरावर येऊ लागली. ती साडीला कमरपट्ट्यासारखी शोभली, आणि जाकीटही जिथे संपायला हवे तिथेच संपले.

पदर आत ठेवायचा ठरल्यावर पुढची अडचण वजनाची होती. सुती पदराच्या सहा-सात बारीक चुण्या जाकिटाच्या भाराखाली दबून खांद्यावर एक जाड उंचवटा तयार होतो. त्याऐवजी चार बोटे रुंदीच्या चारच चुण्या घेतल्या. पीन खांद्याच्या शिवणीवर न लावता तिच्या मागे, पाठीकडे लावली, म्हणजे जाकिटाची शिवण पिनेवर घासत नाही. पीन लावण्यापूर्वी पदर दोन बोटे सैल सोडला, कारण हात वर केला की जाकीट वर सरकते आणि आतल्या पदराला ओढते. हे नीट जमले की नाही, ते ओळखण्याची खूण सोपी आहे. दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणावेत, आणि छातीवरून जाणारा काठ आपोआप मूळ जागी आला नाही तर पदर अजून ताठ आहे असे समजावे. जाकिटाच्या खाली पाठीमागे उरलेले पदराचे टोक लोंबत ठेवले तर ते शेपटासारखे दिसते. वेचणीच्या बायकांप्रमाणे आम्ही ते उजव्या कमरेवरून पुढे आणून खोचले, आणि त्याचा मोहरी काठ जाकिटाच्या पट्टीखाली तिरपा दिसू लागला. जाकिटाची बटणे उघडी ठेवली, त्यामुळे पुढे छातीवर साडीचा काठ अखंड राहिला.

पदर बाहेर ठेवायचा असता, तर हे जाकीट चालले नसते. त्या रीतीत डेनिम शर्टाच्या कापडाइतके पातळ लागते, बाह्या मनगटापर्यंत सरळ हव्यात आणि सर्व बटणे लावलेली हवीत, कारण तिथे जाकीट झंपराचे काम करते. छातीच्या खिशांवरील धातूची बटणे पदराखाली उठून दिसतात आणि जरीच्या किंवा रेशमी पदराचे धागे त्यांत अडकतात. त्यामुळे पैठणीवर ही रीत मी कोणालाही सुचवत नाही. नऊवारीवर पदर आत ठेवता येतो, मात्र कासोटा खोचलेली जागा पूर्ण दिसली पाहिजे. तिथे जाकीट कमरेच्याही चार बोटे वर संपायला हवे.

निळीबद्दल मात्र कोणत्याही रीतीत सावध राहावे लागते. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यात फारसा शिरत नाही, तो बाहेरच्या थरांत बसतो आणि घासला की सुटतो. न धुतलेले गडद जाकीट पांढऱ्या किंवा लिंबू रंगाच्या साडीवर तासभर वापरले तरी काखेत आणि कमरेवर निळसर डाग पडतात, आणि ते सुती कापडातून सहसा पूर्ण जात नाहीत. जाकिटाच्या आतल्या बाजूवर ओले पांढरे फडके दहा वेळा जोराने घासावे. फडक्यावर रंग आला तर जाकीट उलटे करून, इतर कपड्यांपासून वेगळे, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. भाचीच्या जाकिटाने चौथ्या धुण्यात रंग सोडणे थांबवले. हळद 14 डिसेंबरला होती आणि रात्री अंगणात चांगलाच गारठा होता, त्यामुळे जाकीट शेवटपर्यंत अंगावर राहिले. एप्रिलच्या लग्नात, पारा 43-44 अंशांवर असताना, तीच साडी तिने साध्या ब्लाऊजवर नेसली.