बाटलीतला पावणेतीन मिलिग्रॅम ऑक्सिजन: नदीच्या पाण्याचा बीओडी कसा मोजतात

बीओडीच्या चाचणीची बाटली साधारण ३०० मिलिलिटरची असते. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात हवेतला ऑक्सिजन पुरेपूर विरघळला, तरी लिटरमागे तो ९ मिलिग्रॅमच्या थोडाच वर जातो. म्हणजे भरलेल्या बाटलीत ऑक्सिजन असतो फक्त पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. या चाचणीतल्या बहुतेक पायऱ्या आणि बहुतेक चुका या एका मर्यादेतून निघतात, म्हणून ती आधी लक्षात ठेवलेली बरी.

बीओडी म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. पाण्यात मिसळलेली घाण, म्हणजे मैला, अन्नाचे अंश, कुजणारा पाला, कारखान्यातली साखर किंवा स्टार्च, जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. घाण जितकी जास्त, तितका ऑक्सिजन जास्त लागतो. नदीत मीटर बुडवून विरघळलेला ऑक्सिजन मोजला, तर आत्ता किती शिल्लक आहे एवढंच कळतं. नाल्याच्या तोंडाशी पाणी खळाळत असेल, तर तिथे तो चांगला ६ मिलिग्रॅमही भरेल. पण त्याच पाण्यात पुढच्या काही दिवसांत किती ऑक्सिजन खाल्ला जाणार आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते बीओडी सांगतो.

ही चाचणी नियमित वापरात आणण्याचं श्रेय ब्रिटनमधल्या सांडपाणी विल्हेवाट आयोगाला जातं. १९१२ च्या आठव्या अहवालात आयोगाने पाच दिवसांची मुदत घेऊन नद्यांची प्रतवारी दिली: लिटरमागे १ मिलिग्रॅम बीओडी म्हणजे अतिशय स्वच्छ, २ स्वच्छ, ३ बऱ्यापैकी स्वच्छ, ५ शंकास्पद, १० खराब. पाचच दिवस का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं की तिथल्या नद्यांचं पाणी तेवढ्या वेळात समुद्राला मिळतं. पुढे तापमान २० अंश ठरलं. उष्ण प्रदेशात २० अंश राखणारं उपकरण चालवणं अवघड जातं, म्हणून भारतीय मानकात २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची पद्धत आहे. जिवाणू गरम पाण्यात जलद खातात, त्यामुळे दिवस कमी करता येतात. इथे पुढचं सगळं २० अंश आणि पाच दिवस धरून सांगितलं आहे.

आता अडचण कुठे येते ते पाहू. स्वच्छ नदीचा बीओडी २ असेल, तर पाणी जसंच्या तसं बाटलीत भरलं तरी चालतं: सुरुवातीला ९, शेवटी ७. पण नाल्याखालच्या पाण्याला लिटरमागे २५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा असेल, तर बाटलीतले ९ संपतील आणि मोजायला काहीच उरणार नाही. म्हणून नमुना पातळ करावा लागतो. प्रयोगशाळेत ज्याला ‘डायल्यूशन वॉटर’ म्हणतात, ते म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात जिवाणूंना लागणारे क्षार घालून, हवा सोडून ऑक्सिजनने भरलेलं पाणी. लिटरमागे चार द्रावणं प्रत्येकी १ मिलिलिटर घालतात: फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड. बफर नसेल तर आम्लता सरकते, आणि क्षार नसतील तर जिवाणू समोर अन्न असूनही उपाशी राहतात.

या पाण्याने स्वतः ऑक्सिजन खाता कामा नये. म्हणून त्याची एक बाटली, नमुना न घालता, बाकीच्यांबरोबर पाच दिवस ठेवतात. तिच्यातली घट ०.२ मिलिग्रॅमहून जास्त आली, तर पाणी, नळी किंवा बाटल्यांची धुलाई यांपैकी काहीतरी खराब आहे असं समजायचं. उलट दोषही असतो आणि तो फसवा असतो: ऊर्ध्वपातन तांब्याच्या भांड्यात झालेलं असेल, तर पाण्यात उतरलेलं तांबं जिवाणूंना मारतं. मग या बाटलीतली घट छान कमी दिसते आणि नमुन्यातलीही खोटी कमी येते.

बाटली भरताना हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. हे नुसतं टापटिपीसाठी सांगितलेलं नाही. १ मिलिलिटर हवेत सुमारे ०.२८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो पूर्ण विरघळला, तर ३०० मिलिलिटर पाण्यात लिटरमागे ०.९ मिलिग्रॅमची भर पडते. नमुना दहापट पातळ केलेला असेल, तर ही चूकही दसपट होते आणि बीओडी ९ ने कमी निघतो. म्हणून पाणी बाटलीच्या कडेवरून हळूच सोडायचं, बाटली काठोकाठ भरायची, घासीव काचेचं बूच तिरकं सरकवत बसवायचं आणि बाटली उलटी करून बुडबुडा दिसतो का ते बघायचं. बाटलीचं तोंड वाटीसारखं पसरट असतं. त्यात बुचाभोवती थोडं पाणी ठेवतात म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही, आणि पाच दिवसांत ते पाणी सुकू नये म्हणून वर टोपी लावतात.

मग बाटल्या अंधारात. उजेड मिळाला तर नदीच्या पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करू लागतं आणि झालेला खर्च झाकला जातो. नमुना नदीतून आणतानाही हाच विचार करावा लागतो: जिवाणू वाटेतही खातच असतात. म्हणून बाटली बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवून आणायची आणि शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत चाचणी सुरू करायची. उन्हात राहिलेल्या नमुन्याचा बीओडी कमी येतो आणि नदी आहे त्यापेक्षा स्वच्छ वाटते.

ऑक्सिजन मोजण्याची जुनी आणि अजूनही भरवशाची रीत विंकलरची. बाटलीत मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड यांची द्रावणं तळाकडे सोडली की साका बनतो. ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. अनुभवी माणसाला इथेच निम्मं उत्तर कळतं. सल्फ्युरिक आम्ल घातल्यावर ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटतं. ते सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, शेवटी स्टार्च घालून निळा रंग जाईपर्यंत. या रीतीत पाणी खर्ची पडतं, म्हणून प्रत्येक प्रमाणाच्या दोन बाटल्या भराव्या लागतात: एक लगेच मोजायला, दुसरी पाच दिवसांनी. मीटरचा प्रोब वापरला तर एकच बाटली पुरते.

आता एक नमुना धरून चालू. नाल्याखालचं पाणी आहे, त्यात विरघळलेला ऑक्सिजन ५, बीओडी अंदाजे वीस-पंचवीस असावा. अंदाज चुकू शकतो, म्हणून चार प्रमाणं घेतली: ३०० मिलिलिटरच्या बाटलीत १५, ३०, ६० आणि १५० मिलिलिटर नमुना, उरलेलं डायल्यूशन वॉटर. नदीच्या अशा पाण्यात जिवाणू भरपूर असतात, त्यामुळे बाहेरून विरजण लावावं तसे जिवाणू घालायची गरज नाही.

१५ मिलिलिटरच्या बाटलीत ऑक्सिजन ८.८ वरून ७.५ वर आला. घट १.३, पाणी वीसपट पातळ, म्हणून बीओडी २६. पण ही बाटली मोजायची नाही, कारण घट २ पेक्षा कमी आहे. मोजण्यात ०.१ ची चूक झाली तरी वीसपटीने ती २ होते. ३० मिलिलिटरला ८.६ वरून ६.२: घट २.४, दहापट, बीओडी २४. ६० मिलिलिटरला ८.२ वरून ३.५: घट ४.७, पाचपट, बीओडी २३.५. या दोन्ही बाटल्या ग्राह्य आहेत. १५० मिलिलिटरला ७.० वरून शून्य. हिशेब केला तर दुपटीने १४ येतो, आणि इथेच नवखा माणूस फसतो. जिवाणूंना आणखी हवा होता, पण बाटलीत उरला नव्हता. १४ हा आकडा बाटलीच्या कुवतीचा आहे, नदीच्या घाणीचा नाही. म्हणून शेवटी निदान १ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरलेला असावा आणि निदान २ खर्च झालेला असावा, हे दोन्ही नियम पाळणाऱ्या बाटल्यांचीच सरासरी घ्यायची. इथे ती २४ धरायची. फक्त सर्वांत घाणेरडी बाटली लावली असती, तर नदीचं प्रदूषण निम्म्याच्या जवळ दिसलं असतं.

चार प्रमाणं लावण्याचा आणखी एक फायदा असतो. समजा, ६० मिलिलिटरचा निकाल १५ आला, ३० चा २४ आणि १५ चा ४२, आणि तिन्ही बाटल्या नियमात बसतात. पाणी जितकं पातळ करावं तितका बीओडी वाढतो आहे. याचा अर्थ नमुन्यात जिवाणूंना मारणारं काहीतरी, बहुधा जड धातू किंवा क्लोरीन आहे आणि ते पातळ झालं की जिवाणू पुन्हा खाऊ लागतात. अशा वेळी सरासरी काढणं चूक आहे. क्लोरीन असेल तर मोजून सोडियम सल्फाइट घालून ते घालवता येतं, आणि मग मात्र थोडं निवळलेलं सांडपाणी घालून जिवाणू पुरवावे लागतात; त्यांनी खाल्लेला ऑक्सिजन हिशेबातून वजा करायचा. धातू असतील तर बीओडीचा आकडा कमीच येणार, तो एकट्याने वाचू नये.

उलटी गफलत अमोनियामुळे होते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि त्यासाठी अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन खातात. कच्च्या सांडपाण्यात ते सहसा पाच दिवसांनंतर जोर धरतात. पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या खालच्या अंगाला नदीत ते आधीपासून मुबलक असतात आणि पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. पाण्यात अमोनियाच्या रूपात २ मिलिग्रॅम नायट्रोजन असेल, तर बीओडीत ९ पर्यंत भर पडू शकते, आणि केंद्राने सेंद्रिय घाण नीट काढली असूनही निकाल वाईट दिसतो. हे वेगळं काढायला दोन बाटल्या लावतात, त्यांपैकी एकीत अ‍ॅलिलथायोयुरिया घालतात. ते या जिवाणूंना थोपवतं, बाकीच्यांना नाही. दोन निकालांतला फरक हा अमोनियाचा वाटा.

सगळं नीट करूनही पाच दिवसांत पूर्ण मागणी भागत नाही. घरगुती सांडपाण्यात साधारण दोन तृतीयांश घाण तेवढ्यात खाऊन होते, उरलेली हळूहळू. आणि चाचणी जिवाणूंच्या भरवशावर असल्याने निकाल थोडा हलतोच. प्रयोगशाळा स्वतःची परीक्षा घेते ती लिटरमागे १५० मिलिग्रॅम ग्लुकोज आणि १५० मिलिग्रॅम ग्लुटामिक आम्ल असलेल्या द्रावणाने. त्याचा बीओडी १९८ यायला हवा, आणि त्यात ३०.५ कमी-जास्त आलं तरी चालतं. म्हणजे ज्ञात द्रावणावरही १५ टक्क्यांची मुभा आहे. एका महिन्यात नदीचा बीओडी २४ आणि पुढच्या महिन्यात २६ आला, तर नदी बिघडली असं त्यावरून म्हणता येत नाही. २४ चा ४० झाला, तर म्हणता येतं.