‘हा पोपच नव्हे’ आणि ‘पोप असला तरी’: पीसा आणि कॉन्स्टन्स यांतला फरक

चर्चच्या इतिहासात १४०९ ची पीसा येथील परिषद आणि १४१४ ते १४१८ ची कॉन्स्टन्सची परिषद यांची नावं बहुतेक वेळा एका दमात घेतली जातात. दोन्ही परिषदांनी पोपना पदावरून दूर केलं, दोन्हींनंतर नवा पोप निवडला गेला, आणि दोन्ही एकाच फुटीतून, म्हणजे एकाच वेळी एकाहून अधिक पोप असण्यातून, जन्मल्या. त्यामुळे ‘परिषद पोपपेक्षा श्रेष्ठ’ हा विचार पीसाला मांडला गेला आणि कॉन्स्टन्सला पक्का झाला, असं सरधोपटपणे सांगितलं जातं. मला हे पटत नाही. पीसाने लढवलेला युक्तिवाद एक होता आणि कॉन्स्टन्सने केलेला दावा दुसराच.

आपल्याकडच्या ग्रामपंचायतीवरून हे चटकन समजेल. सरपंच अपात्र ठरणं वेगळं आणि त्याच्यावर अविश्वास ठराव आणणं वेगळं. अपात्र ठरलेल्याबद्दल आपण म्हणतो की त्याचा त्या खुर्चीवर हक्कच उरलेला नाही. अविश्वास ठरावात मात्र तो सरपंच आहे हे मान्य असतं, आणि तरीही त्याला उतरवण्याचा अधिकार कुणाकडे तरी असतो. पीसाने पहिली वाट धरली. कॉन्स्टन्सला दुसरी धरावी लागली.

सुरुवात १३७८ सालची. त्याआधीची जवळपास सत्तर वर्षं पोप फ्रान्सच्या कडेला आव्हिन्यों इथे राहत होते, पण पोप एकच होता. अकरावे ग्रेगरी रोमला परतले आणि मार्च १३७८ मध्ये तिथेच वारले. सोळा कार्डिनल निवडीसाठी बसले, त्यातले बहुसंख्य फ्रेंच. बाहेर रोमच्या जमावाचा आरडाओरडा चालला होता: पोप रोमचा हवा, निदान इटलीचा तरी. ८ एप्रिलला बारीचे आर्चबिशप बार्तोलोमेओ प्रिन्यानो निवडले गेले आणि सहावे अर्बन झाले. नव्या पोपनी कार्डिनलांना चारचौघांत झापायला सुरुवात केली, तेव्हा फ्रेंच कार्डिनल एकेक करून शहराबाहेर पडले. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं की ही निवड जिवाच्या भीतीने झाली, म्हणून ती निवडच नव्हे. २० सप्टेंबरला फोंडी या गावात त्यांनी जिनिव्हाच्या रॉबर्टला पोप केलं. ते सातवे क्लेमंट. ते आव्हिन्योंला गेले. फ्रान्स, स्कॉटलंड, कॅस्टिल, अरागॉन त्यांच्या बाजूला आले. इंग्लंड, हंगेरी, पोलंड आणि जर्मन प्रदेशांचा मोठा भाग रोमच्या बाजूला राहिला.

एका गोष्टीमुळे हा तंटा याआधीच्या तंट्यांपेक्षा अवघड झाला. पूर्वी एखादा सम्राट आपल्या पसंतीचा पोप उभा करायचा, आणि खोटा कोण हे लोकांना दिसायचं. इथे दोघांनाही त्याच कार्डिनलांनी निवडलं होतं. निवड खरी होती का, हे सांगू शकणारे साक्षीदार तेच आणि फिर्यादीही तेच. निवाडा करायला कुणी उरलाच नाही, कारण चर्चच्या कायद्यात पोपचा न्याय करणारा कुणी नव्हता.

कायद्यात एक फट मात्र होती. इ.स. ११४० च्या सुमारास ग्रेशियन याने केलेल्या कायदासंग्रहात एक वचन आहे: पोपचा न्याय कुणीही करू नये, तो श्रद्धेपासून ढळलेला आढळला तर गोष्ट वेगळी. या अपवादावर पुढच्या भाष्यकारांनी पुष्कळ लिहिलं. पाखंडी झालेला पोप आपोआप पदभ्रष्ट होतो, मग परिषद केवळ तसं जाहीर करते, असा त्यातला एक मोठा मतप्रवाह. ही फट आहे ती फक्त अपात्रतेची. चांगल्या, श्रद्धावान पोपवर परिषदेचा वरचष्मा असतो, असं ती म्हणत नाही.

फूट पडल्यावर दोनच वर्षांत पॅरिस विद्यापीठातल्या दोन जर्मन विद्वानांनी या फटीतून वाट काढायला घेतली. गेल्नहाउझेनचा कोन्राड याने १३८० मध्ये आणि लांगेनश्टाइनचा हाइन्‍रिश याने १३८१ मध्ये आपापली पत्रं लिहिली. अडचण अशी होती की परिषद बोलावण्याचा अधिकार पोपचा, आणि इथे तर पोप कोण हाच प्रश्न. त्यांनी ॲरिस्टॉटलचा आधार घेतला. कायदा करणाऱ्याला प्रत्येक प्रसंग आधी दिसत नाही. अक्षराला चिकटून कायद्याचा हेतूच बुडत असेल तर हेतू पाळावा. चर्च टिकावं म्हणून परिषदेचा नियम केला, तोच नियम चर्च मोडत असेल तर पोपविना परिषद भरवावी. कोन्राडने आणखी एक भेद केला. पोप आणि कार्डिनल म्हणजे सगळं चर्च नव्हे. चुकीपासून सुरक्षित राहण्याचं वचन सगळ्या श्रद्धावंतांच्या चर्चला आहे. दुसऱ्या दाव्याचं बी इथेच पडलं होतं. त्या वेळी मात्र बहुतेकांना फक्त संकटातून सुटण्याची तरतूद हवी होती.

तीही लगेच मिळाली नाही. दोन्ही पोपांनी राजीनामे द्यावेत, यावर पुढची बरीच वर्षं गेली. १४०७ मध्ये दोन्हीकडचे तेव्हाचे वारस, आव्हिन्योंचे तेरावे बेनेडिक्ट आणि रोमचे बारावे ग्रेगरी, यांनी साव्होना इथे भेटायचं ठरवलं. ग्रेगरी लुक्कापर्यंत आले, बेनेडिक्ट पोर्तोव्हेनेरेपर्यंत. उरलेलं थोडकं अंतर दोघांनीही कापलं नाही. शेवटी दोघांचेही बरेचसे कार्डिनल त्यांना सोडून एकत्र आले आणि त्यांनीच पीसाला परिषद बोलावली.

पीसाचा निकाल ५ जून १४०९ चा. त्याची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. शपथा घेऊन, वचनं देऊन हे दोघे मुद्दाम फूट चालू ठेवत आहेत. चर्च एक आहे हा श्रद्धेचाच भाग. म्हणून इतक्या हट्टाने फूट टिकवणं हे पाखंडच. म्हणून दोघेही उघड पाखंडी, आणि म्हणून पदावरून गेलेले. ग्रेशियनच्या फटीतून दोघांनाही बाहेर काढलं गेलं. यात ‘परिषद नेहमीच श्रेष्ठ’ असं म्हणण्याची गरजच पडली नाही. मग पाचवे अलेक्झांडर निवडले गेले. ते वर्षभरात वारले आणि बाल्दास्सारे कोस्सा हे तेविसावे जॉन म्हणून त्यांच्या जागी आले. जुन्या दोघांनी पीसाला मानलं नाही, त्यामुळे दोनाचे तीन पोप झाले.

पहिल्या युक्तिवादाची मर्यादा इथे उघडी पडते. ‘तू पाखंडी, म्हणून पोप नाहीस’ हे ज्याला सांगायचं तो ‘मी पाखंडी नाही’ म्हणणार, आणि ज्यांचा त्याच्यावर विश्वास आहे ते त्याच्यामागे राहणार.

कॉन्स्टन्सचा प्रसंग वेगळा. परिषद बोलावली ती जॉननीच, जर्मन राजा सिगिस्मुंड याच्या दबावाखाली. ५ नोव्हेंबर १४१४ ला तिचं उद्घाटन झालं. जॉनना वाटलं होतं की पीसाचा वारस म्हणून आपल्यालाच मान्यता मिळेल आणि इटलीतून आणलेल्या पुष्कळ बिशपांच्या मतांवर आपण निभावून नेऊ. पण परिषदेने माणसामागे एक मत न ठेवता राष्ट्रगटामागे एक मत ठेवलं, आणि त्यांचा हिशेब फिसकटला. मार्च १४१५ मध्ये ते वेष पालटून रात्री पळाले आणि शाफहाउझेनला पोहोचले. ज्याने बोलावली तोच निघून गेल्यामुळे परिषद मोडली का, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी गावभर झाला.

इथे पहिला युक्तिवाद कामी येईना. जॉनवर पुढे जे आरोप ठेवले ते मुख्यतः पदं विकल्याचे आणि वाईट वर्तनाचे होते, आणि परिषदेत जमलेले बहुतेक जण त्यांनाच खरा पोप मानत होते. पॅरिस विद्यापीठाचे कुलपती झां जेरसों यांनी २३ मार्चला प्रवचन देऊन सांगितलं की परिषदेचं बळ पोपच्या हजेरीवर अवलंबून नाही. ६ एप्रिल १४१५ ला ठराव झाला. त्याच्या पहिल्या लॅटिन शब्दांवरून त्याला ‘हाएक सांक्ता’ म्हणतात. परिषदेला सत्ता थेट ख्रिस्ताकडून मिळाली आहे. श्रद्धा, या फुटीचा अंत आणि चर्चची वरपासून खालपर्यंत सुधारणा या बाबतींत, कुणाचाही दर्जा काही असो, अगदी पोपचा असला तरी, त्याने परिषदेची आज्ञा पाळलीच पाहिजे. ‘पोप असला तरी’ या शब्दांत दोन युक्तिवादांमधली रेघ आहे. २९ मे ला जॉनना उतरवण्यात आलं.

अभ्यासकांत वाद आहे तो पुढच्या वाक्यांवरून. ठराव एकीकडे ‘या फुटीचा’ अंत म्हणतो, म्हणजे तो त्या प्रसंगापुरता वाटतो. दुसरीकडे लगेच म्हणतो की या परिषदेची ‘आणि रीतसर भरलेल्या दुसऱ्या कोणत्याही सर्वसाधारण परिषदेची’ आज्ञा मोडणाऱ्याला शासन होईल. हे दुसरं वाक्य वाचल्यावर मला तो निव्वळ तात्पुरता उपाय वाटत नाही. ऑक्टोबर १४१७ च्या ठरावाने माझी खात्री अधिक होते. पुढची परिषद पाच वर्षांनी, त्यानंतरची सात वर्षांनी आणि मग दर दहा वर्षांनी भरवायची, असं त्यात आहे. आग विझवायला आलेला माणूस वेळापत्रक आखत बसत नाही.

बाकीच्या दोन पोपांची कहाणी लवकर संपते, पण तीत एक महत्त्वाची गाठ आहे. ग्रेगरींनी ४ जुलै १४१५ ला राजीनामा दिला, पण त्याआधी त्यांच्या प्रतिनिधीने ग्रेगरींच्या नावाने परिषद नव्याने ‘बोलावली’ आणि सभेने ते ऐकून घेतलं. बेनेडिक्टना १४१७ मध्ये पुन्हा जुन्याच वाटेने, फुटीर आणि पाखंडी ठरवून काढलं. ते पेन्यिस्कोलाच्या किल्ल्यात अखेरपर्यंत स्वतःला पोप म्हणवत राहिले. म्हणजे कॉन्स्टन्सने दोन्ही हत्यारं वापरली. ११ नोव्हेंबर १४१७ ला तेवीस कार्डिनल आणि राष्ट्रगटांचे तीस प्रतिनिधी यांनी मिळून पाचवे मार्टिन यांना निवडलं.

दुसऱ्या दाव्याची पुढची कसोटी बाझलला लागली. १४३९ मध्ये तिथल्या परिषदेने परिषदेचं श्रेष्ठत्व हे श्रद्धेचं तत्त्व म्हणून जाहीर केलं, चौथे यूजीन यांना पदच्युत केलं, आणि नवा पोप निवडून पुन्हा फूट पाडली. फूट मिटवायला पुढे आलेल्या विचारातूनच फूट निघाली, तेव्हा राजे आणि विद्वान त्यापासून दूर सरकले. १४६० मध्ये दुसरे पायस यांनी पोपविरुद्ध परिषदेकडे दाद मागण्यावरच बंदी घातली. तरुणपणी ते स्वतः बाझलच्या बाजूचे होते.

पहिला युक्तिवाद मात्र कायद्याच्या चर्चेतून कधी पुरता गेला नाही, आणि रोमने कॉन्स्टन्सकडे पाहायला तोच चष्मा लावला. रोमच्या गणतीत तेव्हाचे खरे पोप ग्रेगरी, आणि परिषद रीतसर झाली ती त्यांनी ४ जुलैला बोलावल्यावर. ‘हाएक सांक्ता’ तर त्याआधी तीन महिन्यांचा. कोस्सा हे त्या हिशेबात पोप नव्हतेच. ऑक्टोबर १९५८ मध्ये अँजेलो रोन्काल्ली पोप झाले तेव्हा त्यांनी नाव घेतलं जॉन, आणि क्रमांक लावला तेविसावा. कोस्सांचा क्रमांक रिकामा धरला गेला, आणि ‘पोप असला तरी’ म्हणून ज्यांना उतरवलं होतं, त्यांच्याबाबत हिशेब पुन्हा ‘हा पोपच नव्हे’ इथे येऊन थांबला.